फ्लोटिंग की फिक्स्ड? आधी दीड टक्क्याची किंमत काढा

प्रश्न: मी साताऱ्यात एमआयडीसीतल्या कंपनीत नोकरीला आहे. वय ३३, हातात येणारा पगार ६२ हजार. गोडोलीला फ्लॅट घेतोय, त्यासाठी ३० लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी हवंय. बँक ७.७५ टक्के फ्लोटिंग देते, एक हाउसिंग फायनान्स कंपनी ९.२५ टक्के फिक्स्ड देते. रेपो दर ५.२५ वर आलाय, आता इथून वरच जाणार असं ऑफिसात सगळे म्हणतात. वडील म्हणतात, फिक्स्ड घे, डोक्याला ताप नको. गावाकडे कोरेगावला थोडा ऊस आहे, त्याचं बिल वर्षाला येतं. काय करू?

उत्तर:

मी सांगलीत एका बँकेच्या कर्ज विभागात होतो. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण विश्रामबागेतल्या घरी लोक अजून मंजुरीपत्रं घेऊन येतात, त्यामुळे सवय सुटलेली नाही. तुमच्या प्रश्नात दर वर जाणार की खाली हा भाग मला सगळ्यात कमी महत्त्वाचा वाटतो. दोन दरांमध्ये दीड टक्क्याचा फरक आहे. हा फरक म्हणजे विम्याचा हप्ता आहे, दर वाढले तर तुम्हाला झळ लागू नये म्हणून भरायचा. विमा घ्यावा की नाही हे ठरवताना आपण तीन गोष्टी बघतो: हप्ता किती, संरक्षण खरंच मिळतंय का, आणि नुकसान झालंच तर ते आपल्याला सोसण्याजोगं आहे का. इथेही तेच बघायचं.

दराचा अंदाज बांधायच्या फंदात मी का पडत नाही, ते आधी सांगतो. जानेवारी २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो, ८ टक्क्यांवर नेला. त्याआधीचे काही महिने दर चढतच होते. माझ्या मुलाचं त्याच वर्षी घर व्हायचं होतं. मी पडलो बँकवाला, मला वाटलं अजून वाढणार. त्याला साडेदहा टक्क्यांनी फिक्स्ड घ्यायला लावलं. पुढच्याच जानेवारीत रेपो उतरायला लागला आणि ऑगस्ट २०१७ पर्यंत ६ टक्क्यांवर आला. शेजारपाजारचे लोक साडेआठच्या आसपास कर्ज घेत होते आणि आमचं पोरगं साडेदहा भरत होतं. कर्ज दुसरीकडे हलवायला गेलो तर संस्थेने करारातलं कलम दाखवलं: मुदतीआधी फेडलं तर शिल्लक रकमेच्या दोन टक्के. अठरा लाखांवर छत्तीस हजार रुपये भरले आणि बाहेर पडलो. करारावर सही करताना मीच शेजारी बसलो होतो, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं. ऑफिसातले तुमचे मित्र बरोबर ठरतीलही. पण त्यांच्या अंदाजावर वीस वर्षांचा करार बेतू नका.

आता त्या ९.२५ टक्क्यांबद्दल. फिक्स्ड या शब्दाखाली बाजारात दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे पूर्ण वीस वर्षं खरोखर स्थिर दर. ही आता कमी दिसते. दुसरी म्हणजे पहिली दोन, तीन किंवा पाच वर्षं स्थिर, आणि मग आपोआप फ्लोटिंग. जाहिरातीत आणि एजंटच्या तोंडी दोन्हींचं नाव फिक्स्डच असतं. तुमच्याकडची कोणती, हे तुमच्या प्रश्नावरून कळत नाही, आणि माझं अर्धं उत्तर त्यावरच अवलंबून आहे. मंजुरीपत्राच्या मसुद्यात व्याजदराचं कलम काढा आणि त्यात ‘पहिले ३६ महिने’ असं काही आहे का ते बघा. त्याच्या खालीच बहुधा आणखी एक ओळ असते, की बाजारातल्या परिस्थितीत मोठा बदल झाला तर संस्था दर बदलू शकते. ती ओळ असेल तर तुमचा फिक्स्ड दर संस्थेच्या मर्जीपुरताच फिक्स्ड आहे.

आणखी एक फरक इथेच सांगून टाकतो. बँकांना १ ऑक्टोबर २०१९ पासून नवीन फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या मापदंडाला जोडावी लागतात. बहुतेक बँकांनी रेपो घेतला आहे. तुमचा ७.७५ म्हणजे रेपो ५.२५ अधिक बँकेचा स्प्रेड, म्हणजे बँक त्यावर लावते तो जादा दर, २.५० असणार. रेपो हलला की किमान तीन महिन्यांतून एकदा तुमचा दर हलतो, वरही आणि खालीही. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना हे बंधन नाही. त्या स्वतः ठरवलेल्या मूळ दराला कर्ज जोडतात. सहकारी बँकांचंही तसंच, तिथे संचालक मंडळ दर ठरवतं. म्हणून तीन वर्षांचा फिक्स्ड संपल्यावर तुम्ही ज्या फ्लोटिंगवर पडाल, ते आज बँक देतेय तसलं पारदर्शक फ्लोटिंग नसेल. रेपो उतरला तरी त्यांचा मूळ दर किती आणि कधी उतरेल, हे तेच ठरवणार.

चला, हिशोबाला बसू. ३० लाख, २० वर्षं. ७.७५ टक्क्यांनी हप्ता येतो २४,६२८ रुपये. ९.२५ टक्क्यांनी येतो २७,४७६. फरक महिन्याला २,८४८ रुपये.

बहुतेक जण इथेच थांबतात आणि म्हणतात, तीन हजारांनी काय होतंय, झोप तर शांत लागेल. पण तुलना अशी करायची नाही. फिक्स्ड घेतलं असतं तर २७,४७६ भरलेच असते ना? मग फ्लोटिंग घ्या आणि तरीही तेवढेच भरा. आता दोघांच्या खिशातून सारखेच पैसे जातायत. मग कर्ज कोणाचं लवकर उतरतं ते बघू.

तीन वर्षं दर हललाच नाही असं धरा. छत्तीस हप्त्यांनंतर फिक्स्डवाल्याचं मुद्दल शिल्लक राहतं २८ लाख २० हजार. फ्लोटिंगवाल्याचं राहतं २६ लाख ७३ हजार. फरक १ लाख ४७ हजार. तुमची योजना तीन वर्षांपुरतीच फिक्स्ड असेल, तर हा तुमच्या तीन वर्षांच्या विम्याचा हप्ता. चौथ्या वर्षी दोघेही फ्लोटिंगवर, फक्त फिक्स्डवाल्याच्या डोक्यावर दीड लाख जास्त. या विम्याने पैसे वसूल व्हायचे तर तीन वर्षांतला तुमचा सरासरी फ्लोटिंग दर ९.२५ च्या वर जायला हवा. दर सावकाश, एकसारखा चढत गेला असं मानलं, तर तीन वर्षांच्या शेवटी रेपो सव्वाआठच्या आसपास लागेल. २०१५ च्या जानेवारीपासून रेपोने आठचं तोंड पाहिलेलं नाही. पाहणारच नाही असं मी म्हणत नाही, पण यासाठी दीड लाख मी मोजणार नाही. तेव्हा तीन वर्षांची योजना असेल तर माझं उत्तर सरळ आहे: घेऊ नका.

पूर्ण वीस वर्षांचा खरा फिक्स्ड असेल तर मात्र विचार करावा लागतो. त्यासाठी वेगवेगळ्या परिस्थिती घालून बघू. प्रत्येक ठिकाणी फ्लोटिंगवाला महिन्याला २७,४७६ च भरतोय, आणि फिक्स्डवाल्याचं कर्ज २४० हप्त्यांत संपतं.

दर कधी हललाच नाही, तर फ्लोटिंगवाला १९० हप्त्यांत मोकळा. चार वर्षं दोन महिने आधी.

आता तुमच्या भीतीचं दृश्य. तीन वर्षांनी दर अडीच टक्क्यांनी उसळला, म्हणजे १०.२५ झाला, आणि उरलेली सगळी वर्षं तिथेच बसून राहिला. असं झालं तर एकूण २४५ हप्ते. म्हणजे सतरा वर्षं इतका चढा दर भरूनही तुमचं नुकसान पाच हप्त्यांचं. मी हा हिशोब लोकांना दाखवतो तेव्हा ते आकडे पुन्हा लावायला सांगतात. कारण साधं आहे. कर्जाच्या सुरुवातीला मुद्दल सगळ्यात मोठं असतं, त्यामुळे पहिल्या वर्षांतला स्वस्त दर तुमचं मुद्दल झपाट्याने खाली आणतो. दर वाढेपर्यंत ज्याच्यावर व्याज लागायचं ते मुद्दलच कमी झालेलं असतं.

तिसरं दृश्य, जे खरोखर घडलंय त्याच्यासारखं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रेपो ४ वरून ६.५० वर गेला. अडीच टक्के, तेही पाठोपाठ. दोन वर्षं तिथे राहिला, आणि २०२५ मध्ये सव्वा टक्का उतरून डिसेंबरात ५.२५ झाला. हाच आकार तुमच्या कर्जाला लावू: एक वर्ष ७.७५, मग एकदम १०.२५ दोन वर्षं, आणि त्यानंतर शेवटपर्यंत ९ टक्के. एकूण २३४ हप्ते. फ्लोटिंगवाला तरीही सहा महिने आधी सुटतो.

मग फ्लोटिंग हरतं कधी? पहिल्या वर्षातच दर अडीच टक्क्यांनी वाढला आणि पुढे कधीच उतरला नाही, तर. तेव्हा एकूण २८५ हप्ते होतात, म्हणजे फिक्स्डपेक्षा जवळजवळ पावणेचार वर्षं जास्त. हे अशक्य नाही, आणि तसं झालं तर तुमचे वडील बरोबर आणि मी चूक. पण फिक्स्ड फायद्यात जायला दर वाढणं पुरत नाही. तो लवकर वाढायला हवा, पुष्कळ वाढायला हवा आणि वरच राहायला हवा. तिन्ही एकदम. ऑफिसातली मंडळी यातल्या फक्त पहिल्या अर्ध्यावर बोलतायत.

इथवर वाचून फ्लोटिंगच बरं असं वाटलं असेल, तर जरा थांबा. या सगळ्या हिशोबाचा पाया म्हणजे तुम्ही हप्ता वर धरून ठेवलाय. खऱ्या आयुष्यात माणसं तसं करत नाहीत, आणि फ्लोटिंगचा खरा फटका तिथेच बसतो. मी बघितलेली बहुतेक प्रकरणं दरामुळे बिघडलेली नाहीत. मुदत गुपचूप वाढल्यामुळे बिघडलेली आहेत.

कुपवाड एमआयडीसीत कामाला असलेला एक मुलगा २०२४ मध्ये माझ्याकडे आला. एप्रिल २०२१ मध्ये त्याने २५ लाख घेतले होते, ६.७५ टक्के फ्लोटिंग, २० वर्षं, हप्ता १९,००९. तेव्हा त्याचं वय ३१. दर अडीच टक्के वाढून ९.२५ झाला. हिशोब सोपा राहावा म्हणून ही वाढ वर्षाच्या शेवटी एकदम झाली असं धरतो. तेव्हा त्याचं मुद्दल शिल्लक होतं साधारण २४ लाख ३९ हजार. नव्या दराने त्याच्यावरचं एका महिन्याचं व्याजच १८,७९९ रुपये. हप्ता १९,००९. म्हणजे मुद्दलात जमा काय होणार, तर २१० रुपये! हप्ता तोच ठेवला तर कर्ज फिटायला आणखी सुमारे ४९ वर्षं लागली असती.

एवढी मुदत कोणतीच बँक देत नाही. तिने काय केलं, एकूण मुदत ३० वर्षांवर नेली आणि हप्ता फक्त ११८५ रुपयांनी वाढवला, २०,१९४ केला. मोबाईलवर मेसेज आला होता, त्याने वाचला नाही. हप्ता हजार-बाराशेनेच वाढला म्हणून तो खूशच होता. मूळ मुदत कायम ठेवायची तर त्याच वेळी हप्ता २२,७४९ करायला हवा होता. दोन्हींचा शेवटपर्यंतचा हिशोब त्याच्यासमोर मांडला. २२,७४९ चे २२८ हप्ते म्हणजे सुमारे ५१ लाख ८७ हजार. २०,१९४ चे ३४८ हप्ते म्हणजे ७० लाख २८ हजारांच्या घरात. महिन्याला अडीच हजार वाचवायला १८ लाख ४० हजार, आणि हप्ते वयाच्या एकसष्ठीपर्यंत. त्याच्या कंपनीत अठ्ठावन्नला घरी पाठवतात. त्याने बँकेत अर्ज देऊन मुदत मूळच्या तारखेवर आणून घेतली, पण दोन वर्षं गेली होती, त्यामुळे हप्ता २३,४०० च्या आसपास बसला.

तुमच्या कर्जातही हाच सापळा आहे. २४,६२८ चा हप्ता ठेवून बसलात आणि वर्षभरात दर १०.२५ झाला, तर त्या महिन्याचं नुसतं व्याज २५,०६७ होईल. हप्ता व्याजालाही पुरणार नाही. मुदत न वाढवता निभवायचं तर हप्ता २९,३०० च्या आसपास करावा लागेल. म्हणून फ्लोटिंग घेणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारतो: अडीच टक्के वाढीनंतरचा हप्ता तुम्ही आज भरू शकता का? तुमच्या ६२ हजारांत २९,३०० म्हणजे सत्तेचाळीस टक्के. ओढाताण होईल, पण चूल बंद पडणार नाही. अर्थात हे ६२ हजार सगळ्या कपाती जाऊन आहेत ना, ते नीट बघा. आपल्याकडे पगारदार संस्थेचं कर्ज प्रत्येकाच्या डोक्यावर असतं आणि ते पगारातून परस्पर कापलं जात असल्यामुळे कुणी मोजत नाही. तसं सहा-सात हजारांचं काही चालू असेल आणि ते या आकड्यात धरलं नसेल, तर आधी ते संपवा.

मग करायचं कसं? बँकेत कर्ज सोळा वर्षांचं मागितलं तर हप्ता २७,३०९ येईल, म्हणजे वरच्या हिशोबाच्या जवळपास. पण मी तसं सांगणार नाही. कंपनीत कधी ओव्हरटाइम बंद होतो, कधी घरात दवाखाना निघतो. सोळा वर्षं लिहून दिलीत की तो हप्ता सक्तीचा. कर्ज वीस वर्षांचंच घ्या, हप्ता २४,६२८ राहू द्या, आणि वरचे २,८५० रुपये दर महिन्याला त्याच बँकेत वेगळ्या आरडीत टाका. पहिली दोन-अडीच वर्षं ते साठू द्या. तीन हप्त्यांएवढी गंगाजळी झाली की ती तशीच अडीअडचणीला ठेवा, आणि त्यानंतरचे पैसे दर सहा महिन्यांनी कर्जात पार्ट पेमेंट म्हणून भरा. माझ्या हिशोबापेक्षा चार-सहा महिने इकडेतिकडे होतील. त्या बदल्यात एखाद्या वाईट महिन्यात हात बांधलेले नसतील.

आणि उसाचं बिल. ही तुमची खरी ताकद आहे. व्यक्तीच्या नावावरच्या फ्लोटिंग गृहकर्जावर बँकांना मुदतपूर्व परतफेडीचा आकार घेता येत नाही, हा नियम २०१२ पासून आहे. फिक्स्डवर तो काही वेळा घेतला जातो, कर्ज दुसरीकडे हलवताना माझ्या मुलाकडून घेतला गेला तसा. पहिल्या वर्षाच्या शेवटी बिलातले एक लाख कर्जात भरलेत आणि महिन्याला २७,४७६ चा वेग ठेवलात, तर दर न बदलल्यास ११ हप्ते कमी होतात. एका लाखाने तीन लाखांचे हप्ते वाचतात. हेच लाख बाराव्या वर्षी भरले तर इतके वाचणार नाहीत, म्हणून बिलाच्या पैशांतून ट्रॅक्टर वगैरे घ्यायचा विचार असेल, तर तो दोन वर्षं पुढे ढकलता आला तर बघा. भरताना शाखेत लेखी द्या की हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा. काही लिहिलं नाही तर पुष्कळदा उलटं होतं: मुदत तीच राहते, हप्ता आठशे-साडेआठशेने उतरतो आणि ते पैसे कुठे गेले ते कळतही नाही.

रेपो बदलला की काय होतं त्यावर नजर ठेवायला फार अक्कल लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या सूचनेप्रमाणे दर बदलताना बँकेने कर्जदाराला हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय द्यायला हवा, आणि तिमाही विवरणपत्रात आतापर्यंत जमा झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्ता, शिल्लक हप्ते आणि व्याजदर दाखवायला हवा. तुम्ही त्यातला शिल्लक हप्त्यांचा एकच आकडा बघत जा. दर तीन महिन्यांनी तो तीनने कमी व्हायला हवा. कमी न होता वाढला, तर त्याच आठवड्यात शाखेत अर्ज द्या की मुदत मूळची ठेवा, हप्ता वाढवा. कुपवाडच्या मुलाने एवढंच केलं असतं तर त्याची दोन वर्षं वाचली असती.

मी फिक्स्ड घ्या असं कुणाला सांगतो का? सांगतो. गेल्या वर्षी मिरजेच्या एका बाईंना सांगितलं. एकटीच्या पगारावर घर, हप्ता हातातल्या पगाराच्या निम्म्याहून जास्त, बाजूला शिल्लक काही नाही, आणि मुदत आठच वर्षं. त्यांना मिळत होता तो फरकही पाऊण टक्क्याच्या आत होता. त्यांच्यासाठी दर वाढणं म्हणजे हप्ता थकणं, आणि तो धोका घालवायला पाऊण टक्का महाग नव्हता. तुमचा फरक पाऊण टक्क्यावर आला आणि दर खरोखर वीस वर्षं स्थिर असला, तर मीही पुन्हा कागद-पेन्सिल काढीन. दीड टक्क्याला नाही. आज फ्लोटिंग घेऊ, दर वाढायला लागले की फिक्स्डमध्ये जाऊ, असा बेत मात्र करू नका. तो पर्याय द्यायचा की नाही हे बँकेच्या धोरणावर असतं, बदलाचा आकार द्यावा लागतो, आणि तोपर्यंत फिक्स्डचा दरही वर गेलेला असतो.

तेव्हा तुमच्या आकड्यांवरून माझं मत बँकेच्या फ्लोटिंगकडे आहे, वरच्या २,८५० च्या शिस्तीसह. ती शिस्त जमणार नाही असं तुम्हाला स्वतःबद्दल खात्रीने वाटत असेल, तर माझ्या हिशोबातला बराचसा फायदा गळून पडतो, हेही कबूल करतो. फिक्स्डचा एक गुण आहे, तो माणसाकडून जबरदस्तीने भरून घेतो.

सही करण्याआधी बँकेच्या मंजुरीपत्रात तीन गोष्टी शोधा. दर ‘रेपो अधिक २.५०’ असा फोड करून लिहिलाय का, नुसता ७.७५ नको. रिसेटची तारीख कोणती, कारण रेपो आज बदलला तरी तुमचा दर त्या तारखेला बदलतो. आणि तो २.५० चा स्प्रेड कोणत्या अटीवर आहे. पगार खातं त्यांच्याकडे ठेवलं तरच, विमा पॉलिसी घेतली तरच, असं काही असेल तर ती अट मोडल्यावर स्प्रेड किती होईल तेही लिहून मागा. सिबिल स्कोअर बिघडला तरी हा स्प्रेड वाढू शकतो, म्हणून दुसऱ्या कुणाच्या कर्जाला जामीन राहताना विचार करा. गावाकडे भावकीत नाही म्हणणं अवघड असतं, माहीत आहे मला.

वडिलांना पटवायचं असेल तर व्याजदराबद्दल बोलू नका. त्यांना फक्त पहिली तीन वर्षं संपल्यावरचे दोन आकडे दाखवा: हप्ता सारखाच, पण एकीकडे २८ लाख २० हजार बाकी, दुसरीकडे २६ लाख ७३ हजार. उसाच्या बिलाचा हिशोब वर्षानुवर्षं करणाऱ्या माणसाला पुढचं सांगावं लागणार नाही.